'दोन गुंठे' सांगून विकलेला १८२ चौरस मीटरचा प्लॉट, आणि त्याच आकड्यावर फुगवलेली मालाची यादी

सातारा जिल्ह्यात, गावाला लागून असलेल्या एका बिनशेती लेआउटमध्ये आम्ही घरासाठी प्लॉट घेतला. सौदा तोंडी ठरला तो गुंठ्यावर : दोन गुंठे, गुंठ्याला १२ लाख, एकूण २४ लाख. इसार पावतीवर विकणाऱ्याने 'अंदाजे २ गुंठे' असं लिहून दिलं. खरेदीखतात मात्र क्षेत्र आलं १८२ चौ.मी., आणि सातबारावरही '१.८२' म्हणजे १ आर ८२ चौ.मी. असंच होतं. विचारल्यावर दलाल म्हणाला, "आर म्हणजेच गुंठा हो. एक पूर्णांक ब्याऐंशी, शिवाय रस्त्यातला वाटा, झाले की दोन गुंठे." आजूबाजूचे दोघे-तिघेही तेच बोलत होते, कारण त्यांनाही प्लॉट असेच विकले गेले होते.

या एका वाक्यात दोन लबाड्या आहेत. पहिली लहान. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो याच मापाने. एका गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरही फरक पडत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण दहा गुंठ्यांच्या सौद्यात तोच फरक जवळजवळ १२६ चौरस फूट होतो, एक चांगली खोली बसेल एवढा.

दुसरी लबाडी मोठी, ती रस्त्याची. लेआउटमधल्या रस्त्याचं क्षेत्र तुमच्या सातबारावर येत नाही, त्यावर एक वीट रचता येत नाही. तरीही 'रस्त्यासह दोन गुंठे' म्हणून त्याचे पैसे घेतले जातात. काही ठिकाणी तर सरळ '१००० फुटांचा गुंठा' म्हणून प्लॉट विकतात. दर गुंठ्याचा घेतात आणि प्रत्येक गुंठ्यामागे ८९ फूट कमी देतात.

आमचा हिशोब असा. १८२ गुणिले १०.७६४ म्हणजे १९५९ चौरस फूट. त्याला १०८९ ने भागलं की १.८० गुंठे. दोन गुंठ्यांचे २१७८ चौरस फूट व्हायला हवेत, म्हणजे २१९ चौरस फूट कमी. १२ लाखांच्या दराने १.८० गुंठ्यांची किंमत साधारण २१ लाख ६० हजार. वरचे दोन लाख चाळीस हजार हवेचे घेतले. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की खरेदीखतात १८२ चौ.मी. असल्यामुळे आणि इसार पावतीत 'अंदाजे' हा शब्द असल्यामुळे ते पैसे परत मिळवणं अवघड आहे. विकणाऱ्याने एक रुपयाही परत दिला नाही.

इथेच संपलं असतं तर एका प्लॉटपुरतं राहिलं असतं. पण तोच 'दोन गुंठे' पुढे घराच्या हिशोबात शिरला.

माल आम्ही पुरवायचा आणि मजुरी चौरस फुटावर, ३५० रुपये दराने, असं ठेकेदाराशी ठरलं. सिमेंट, सळई, वाळू, खडी यांची यादी त्याने करून दिली. त्यात त्याने दोन गुंठे म्हणजे ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब प्लॉट धरला. पुढे १० फूट, मागे ५ फूट, दोन्ही बाजूंना ५-५ फूट सोडले. राहिले २३ गुणिले ५१, म्हणजे ११७३ चौरस फूट. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं. फक्त तो प्लॉट आमचा नव्हता.

आमचा प्लॉट १३ मीटर गुणिले १४ मीटर आहे, म्हणजे ४२ फूट ८ इंच बाय ४५ फूट ११ इंच. मंजूर नकाशात पुढे ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड मीटर सोडलं आहे. उरतात १० मीटर गुणिले साडेनऊ मीटर, म्हणजे ९५ चौरस मीटर, १०२३ चौरस फूट. दीडशे फुटांची तफावत. सगळी यादी जवळजवळ पंधरा टक्के फुगलेली होती, आणि मजुरीतच साडेबावन्न हजार जास्त लागणार होते.

मालाचं काय होतं ते एका स्लॅबवरून बघा. पाच इंची स्लॅब धरला, छज्जे सोडून, तर ९५ चौरस मीटरला साधारण १२ घनमीटर काँक्रीट लागतं. ठेकेदाराच्या क्षेत्राला पावणेचौदा घनमीटरच्या वर. मधल्या पावणेदोन घनमीटरला एम-२० मिश्रणात घनमीटरमागे ८ गोण्या धरल्या तर १४ गोण्या सिमेंट, ८० किलोच्या हिशोबाने १४० किलो सळई, पाव ब्रास वाळू आणि अर्धा ब्रास खडी. हा माल आमच्या पैशाने साइटवर उतरतो आणि आमच्या घरात जात नाही. पाया आणि जोत्याच्या वेळी असाच जास्तीचा माल कुठे गेला तेही कळलं. त्याच ठेकेदाराच्या दुसऱ्या कामावर संध्याकाळी टेम्पो जायचा.

पकडलं माझ्या चुलत भावाने. तो स्थापत्य डिप्लोमा झालेला आहे. त्याने यादी न बघता आधी मंजूर नकाशावरचा क्षेत्राचा तक्ता वाचला. तिथे 'प्रस्तावित बांधकाम ९५ चौ.मी.' असं स्पष्ट होतं, आणि त्याच नकाशाची प्रत ठेकेदाराकडे पहिल्या दिवसापासून होती. म्हणजे त्याला खरा आकडा माहीत होता. "गुंठ्याच्या हिशोबाने धरलंय" एवढंच त्याने उत्तर दिलं. स्लॅब अजून व्हायचा होता म्हणून पुढची यादी नव्याने करून घेता आली आणि मजुरी प्रत्यक्ष मोजमापावर आणता आली. पाया-जोत्याच्या वेळी गेलेला माल गेलाच.

अजून एक खाच आहे, ती दुसऱ्यांच्या यादीत मी पाहिली. लांबी मीटरमधून फुटात आणताना ३.२८१ ने गुणतात, क्षेत्र आणताना १०.७६४ ने. काही जण चौरस मीटरला सरळ ११ ने किंवा १२ ने गुणतात. ९५ ला १२ ने गुणलं की ११४० होतात, ११७ फूट आपोआप वाढतात, आणि 'हातचा धरलाय' म्हणून सांगितलं जातं.

आता नवीन घर बांधणाऱ्या नातेवाइकांना मी असं करायला सांगते. सातबारावरचा चौरस मीटरचा आकडा घ्या, तो १०.७६४ ने गुणून फुटात आणा, आणि १०८९ ने भागून तोंडी सांगितलेल्या गुंठ्यांशी ताडून बघा. मग टेपने चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. १३ गुणिले १४ चा प्लॉट खरंच काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण १९.१० मीटर येतात. एक कर्ण जास्त आणि दुसरा कमी आला तर प्लॉट तिरका आहे, चारही बाजू बरोबर असल्या तरी क्षेत्र कमी भरतं. शंका राहिली तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. बांधकामाचं क्षेत्र मात्र प्लॉटवरून काढूच नका, ते मंजूर नकाशावरूनच घ्या, आणि मालाची यादी त्या एकाच आकड्यावर करा.

ज्यांचा सौदा अजून इसारावर आहे, त्यांनी पावतीतून 'अंदाजे' काढून टाकायला लावा आणि दर चौरस मीटरवर लिहून घ्या. १२ लाख गुंठा म्हणजे चौरस मीटरला ११,८६१ रुपये. 'क्षेत्र १८२ चौ.मी., रस्त्याचे क्षेत्र धरलेले नाही, दर ११,८६१ रु. प्रति चौ.मी., मोजणीत क्षेत्र कमी आल्यास रक्कम त्या प्रमाणात कमी' एवढी ओळ पावतीत आली की विकणाऱ्याला सही करण्याआधीच खरा आकडा बोलावा लागतो.