अडॅप्टर तपासताना: रिकामा मोजावा की बल्ब लावून?

मे महिन्यात नागपुरात राउटर दर थोड्या वेळानं आपोआप बंद-चालू व्हायला लागला, की पहिल्या शिव्या इंटरनेटवाल्याला पडतात आणि दुसऱ्या राउटरला. अडॅप्टरकडे कोणी पाहत नाही, कारण त्याचा दिवा लागलेला असतो. घरात मल्टिमीटर असेल तर कोणीतरी अडॅप्टर काढून मोजतो, बारा व्होल्ट दिसतात आणि विषय संपतो. आमच्या शेजारच्या काकांचंही तेच म्हणणं होतं: "बारा दाखवून राहिला ना बाप्पा, मंग अडॅप्टर कायले बदलवतं?"

नवा अडॅप्टर घ्यायचा की नाही, हे ठरवायचं असेल तर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, अडॅप्टरला काहीच न जोडता रिकामा मोजणं. दुसरी, त्याच्यावर लोड टाकून, म्हणजे त्याच्याकडून खरोखर करंट ओढत मोजणं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. अडॅप्टर पूर्ण मेला आहे का, एवढंच पाहायचं असेल तर पहिली पद्धत पुरते. 'चालतो, पण दगा देतो' अशी तक्रार असेल तर दुसरीशिवाय काही कळत नाही, आणि राउटरच्या बाबतीत तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

रिकामा मोजणं

आधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा. आउटपुटच्या ओळीत व्होल्टच्या पुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी रेघ असेल तर एसी. शेजारी दोन छोट्या गोलांचं एक चित्र असतं, त्यावरून गोल पिनच्या आतला भाग प्लस आहे की मायनस हे कळतं. राउटरच्या अडॅप्टरमध्ये सहसा आत प्लस आणि बाहेर मायनस असतो.

दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या पिवळ्या मीटरला तीन भोकं असतात. काळी लीड COM मध्ये, लाल VΩmA मध्ये. तिसरं भोक दहा अँपिअरचं. लाल लीड त्यात राहून गेली असेल आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सरळ तारेचा तुकडा होतो आणि अडॅप्टर शॉर्ट होतो. स्वस्त मीटरमध्ये या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो. म्हणून नॉब फिरवण्याआधी नजर भोकांवर टाका. नॉब डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. १९.५ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरसाठी २०० ची रेंज बरी, कारण २० च्या वर गेलं की डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसतो आणि लोकांना वाटतं एकच व्होल्ट येतोय.

आणखी एक गोष्ट आधीच करून घ्या. घड्याळातला नवा पेन्सिल सेल मोजा. दीड व्होल्टच्या किंचित वर, साधारण १.६ दिसला पाहिजे. मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की असे स्वस्त मीटर कमी नाही, जास्त व्होल्ट दाखवतात. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चौदा दिसले तर आधी संशय मीटरच्या बॅटरीवर घ्या.

आता पिनमध्ये प्रोब घालणं. रिकामा मोजताना सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. बाहेरचा पत्रा आणि आतला संपर्क यांत मिलिमीटरभर अंतर असतं. लाल प्रोबचं टोक आत घालताना तिरकं झालं की दोन्हीला एकदम टेकतं आणि ठिणगी पडते. चांगला अडॅप्टर अशा वेळी स्वतःला वाचवून पुन्हा सुरू होतो, स्वस्तातला कधी कधी तिथंच संपतो. त्यामुळे लाल प्रोबच्या धातूवर टेप किंवा श्रिंक स्लीव्ह चढवून फक्त तीन-चार मिलिमीटर टोक उघडं ठेवा. काळ्या लीडला क्रोकोडाइल क्लिप लावून ती पिनच्या बाहेरच्या पत्र्याला पकडवा. हे सगळं अडॅप्टर बोर्डातून काढलेला असताना जुळवा, बटण नंतर दाबा. आकडा वाचला की आधी बटण बंद, मग प्रोब बाहेर.

आकड्याआधी मायनसची खूण आली तर अडॅप्टर बिघडलेला नाही, प्लस-मायनस उलट आहेत इतकंच. तुमच्या लीड बरोबर असतील तर तो आत मायनस असलेला अडॅप्टर आहे आणि राउटरला लावायचा नाही. शून्य आलं तर लेबल पुन्हा वाचा, आउटपुट एसी असेल तर डीसीच्या रेंजवर शून्याच्या आसपासच दिसणार. आणि जुना, हातात जड लागणारा ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर रिकामा मोजल्यावर बाराऐवजी सोळा-सतरा दाखवतो. ती त्याची जातच तशी आहे, लोड आला की खाली येतो. हल्लीचा हलका अडॅप्टर मात्र रिकामाही साधारण बाराच दाखवायला हवा. पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६ पर्यंत ठीक.

बल्ब लावून मोजणं

लोडसाठी गाडीचे बल्ब पुरतात. पार्किंग लाइटचा बारा व्होल्ट पाच वॅटचा आणि बाइकच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट दहा वॅटचा. वॅटला व्होल्टनं भागलं की करंट मिळतो: पहिला साधारण ०.४ अँपिअर ओढतो, दुसरा ०.८. अडॅप्टर एक अँपिअरचा असेल तर दुसरा बल्ब त्याला बऱ्यापैकी ताण देतो, पण मर्यादेच्या आत. दोन्ही एकदम लावू नका, ते सव्वा अँपिअर होतात आणि मग चांगला अडॅप्टरही नापास होईल.

जोडणीसाठी सीसीटीव्ही बसवणारे वापरतात तो स्क्रूवाला फिमेल जॅक घ्या. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. एका तोंडात अडॅप्टरची पिन, दुसऱ्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली बल्बच्या तारा, आणि मीटरचे प्रोब त्याच स्क्रूंवर. पिनच्या भोकात प्रोब घालायची भानगडच उरत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीतही ही पद्धत वरचढ ठरते ती यामुळेच. मी तर रिकामा मोजतानाही हाच जॅक वापरतो. बल्ब फरशीवर ठेवा, अर्ध्या मिनिटात चटका बसेल इतका तापतो.

त्या तक्रारीच्या राउटरचा अडॅप्टर आणि तेच लेबल असलेला एक चांगला अडॅप्टर असे शेजारी ठेवून मोजले, तेव्हा आकडे असे आले:

| | चांगला | तक्रारीचा |
|---|---|---|
| रिकामा | १२.१८ | १२.२१ |
| पाच वॅटचा बल्ब | १२.०५ | ११.६२ |
| दहा वॅटचा बल्ब | ११.८८ | ८.९ ते १०.४, हलता |

पहिल्या ओळीत खराब अडॅप्टरचाच आकडा उजवा आहे. काका चुकीचं वाचत नव्हते, मीटर खरंच बारा दाखवत होता. पण रिकामा मोजताना मीटर अडॅप्टरकडून जवळपास काहीच करंट घेत नाही. त्याचा आतला रोध बहुधा दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त असतो. एवढ्याशा कामाला म्हातारा अडॅप्टरही पुरतो. राउटर मात्र वायफाय जोरात चालू झालं की एकदम जास्त करंट मागतो, व्होल्ट खाली येतात आणि तो रीस्टार्ट होतो. मग मागणी घटते, व्होल्ट पुन्हा बारा.

चांगल्या अडॅप्टरमध्येही ०.३ व्होल्ट पडले आहेत. त्याला दोष म्हणू नका, बारीक लांब वायरमध्ये तेवढे जातातच.

आकडा *कसा* पडतो यावरून कारणाचाही अंदाज येतो. आकडा खाली आला पण स्थिर राहिला, तर वायर किंवा पिन पाहा. पिनच्या मानेजवळ वायर हळूच वाकवा, आकडा उड्या मारायला लागला तर तार आतून तुटत आली आहे. आकडा सारखा हलत असेल, बल्ब थरथरत असेल, तर बहुधा आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला असतो. उष्णतेनं त्याच्यातला द्रव कमी होत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं, असं धरतात. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद टीव्ही युनिटच्या मागे, बोर्डात दिवस-रात्र खोचलेल्या अडॅप्टरला हा हिशेब चांगलाच लागू पडतो. आणि तिसरा प्रकार: बल्ब लागतो-विझतो, लागतो-विझतो. म्हणजे अडॅप्टर ओव्हरलोड समजून स्वतःला बंद करतोय. इथं घाईनं निकाल देऊ नका. थंड बल्ब पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. आधी पाच वॅटचा लावून पाहा. त्यावरही असंच झालं तर मात्र अडॅप्टर गेला.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. असा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. त्याहून झटपट होणारी पडझड त्याला दिसत नाही, तिथं ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून बल्बवर पास झालेला अडॅप्टर राउटरवर क्वचित नापास होऊ शकतो. उलट, बल्बवर नापास झालेला राउटरवर पास होईल ही आशा सोडा.

मोबाइलचा चार्जर असेल तर

इथं दोन्ही पद्धती थोड्या लंगड्या पडतात. चपट्या जुन्या यूएसबी पोर्टमध्ये चार पट्ट्या असतात, कडेच्या दोन पाच व्होल्टच्या, मधल्या दोन डेटाच्या. प्रोब घुसवण्यापेक्षा निकामी केबल कापा, आतली लाल आणि काळी तार सोला, एकमेकींपासून दूर टेपनं चिकटवा आणि त्यांवर मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान काहीही चालेल. फास्ट चार्जरही असा मोजल्यावर पाचच दाखवतो, कारण नऊ किंवा बारा व्होल्ट तो फोनशी बोलणं झाल्यावरच सोडतो.

टाइप-सी पोर्टचा चार्जर रिकामा असताना शून्य दाखवतो आणि तसाच दाखवायला हवा. समोर उपकरण आहे हे कळल्याशिवाय तो व्होल्टेज सोडतच नाही. शून्य दिसलं म्हणून असे चांगले चार्जर लोक टाकून देतात. त्या चोवीस बारीक संपर्कांत प्रोब घालूही नका. चार्जर आणि फोन यांच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी टेस्टर मिळतो. तो फोन चार्ज होत असतानाचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवतो, म्हणजे लोडची चाचणी आपोआप होते. घरात फक्त मोबाइलचेच चार्जर तपासायचे असतील तर मल्टिमीटरऐवजी हाच घ्या.

कुठल्याही पद्धतीत अडॅप्टर नापास झाला तरी त्याचं कवच उघडून आत मोजायला जाऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि बोर्डातून काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. कपॅसिटर बदलायचाच असेल तर रिपेअरवाल्याकडे द्या. पण राउटरच्या अडॅप्टरसाठी तो किती घेईल हे आधी विचारा, बऱ्याचदा नवा तेवढ्यातच येतो.

नवा घेताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. एकच्या जागी दोन अँपिअरचा लावला तरी राउटर त्याला हवा तेवढाच करंट घेतो. पिनच्या बाबतीत जुना अडॅप्टर सोबत न्या. बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटर, पण आतलं भोक कधी २.१ तर कधी २.५ असतं. २.१ च्या जागी २.५ ची पिन घातली तर ती बसते, पण सैल राहते. मग रीस्टार्टची तक्रार नव्या अडॅप्टरवरही तशीच राहते. जॅक आणि दहा वॅटचा बल्ब खिशात मावतो, दुकानातच लावून पाहू द्या म्हणावं.