एचबी कमी, वजनही कमी: आहार कसा विचारायचा आणि वजनाचं लक्ष्य किती ठेवायचं

पहिल्या तपासणीला आलेल्या गरोदर बाईच्या कार्डावर दोन्ही गोष्टी लाल शाईत असल्या की आहार सांगणाऱ्याला दोन निवडी कराव्या लागतात. ती काय खाते हे कोणत्या पद्धतीने विचारायचं, आणि वजन किती वाढायला हवं म्हणून सांगायचं. दोन्हीकडे दोन-दोन मार्ग प्रचलित आहेत. एक उदाहरण धरून ते शेजारी शेजारी ठेवून पाहू.

बावीस वर्षांची पहिलटकरीण. उंची १५२ सेंटिमीटर, दिवस राहण्याआधीचं वजन ४१ किलो, म्हणजे बीएमआय १७.७. सोळाव्या आठवड्यात वजन ४१.५ आणि एचबी ८.६. गरोदरपणात ११ च्या खाली रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर आहाराची चर्चा मागे ठेवून आधी तिला रुग्णालयात पाठवायचं. ही मध्यम गटात आहे.

आहार विचारण्याचा पहिला मार्ग म्हणजे कालच्या चोवीस तासांची आठवण. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत क्रमाने विचारत जायचं. हिचं उत्तर असं आलं: सकाळी चहा आणि दोन टोस्ट, अकराला दोन भाकरी आणि भाजी, दुपारी चहा, रात्री एक भाकरी, भाजी, भात आणि वरण. ऐकायला भरपेट वाटतं. पण तिच्याच घरातली वाटी समोर ठेवून "वरण कुठपर्यंत होतं?" असं विचारलं की बोट अर्ध्यावर येतं, आणि "घट्ट की पातळ?" म्हटलं की ते पाणीच निघतं. भाकरीचंही तसंच. थापलेल्या हाताएवढी की ताटाएवढी, हे विचारल्याशिवाय तीन भाकऱ्यांना अर्थ नाही. हिशेब केला तर हा दिवस साधारण १३०० कॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रथिनांचा भरतो. तिच्या अंगाला आणि चालू महिन्यांना १९००च्या आसपास कॅलरी आणि ५५ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं हवीत. म्हणजे तूट सहाशे कॅलरींची.

दुसरा मार्ग आठवड्याच्या वारंवारतेचा: अंडं किती वेळा, पालेभाजी किती वेळा, कडधान्य, मासे किंवा सुकट, लिंबू, चहा? यातून कॅलरींचा अंदाज जवळजवळ काहीच मिळत नाही. पण हिच्या बाबतीत दोन गोष्टी यातच कळल्या. काल गुरुवार होता, घरात वशाट चालत नाही. एरवी ती आठवड्यातून दोनदा अंडं खाते, आणखी खायलाही तयार आहे. आणि चहा दिवसातून चार वेळा होता, त्यातला एक जेवण संपल्यासंपल्या. कालच्या आठवणीत तिने दोनच सांगितले होते, कारण "चहा काय मोजायचा?"

कोणता मार्ग घ्यायचा? माझं मत असं, की वजनाच्या प्रश्नाला पहिला आणि रक्ताच्या प्रश्नाला दुसरा. वजन न वाढण्यामागे बहुधा एकूण अन्नच कमी असतं, आणि ते मोजमापाशिवाय दिसत नाही. एचबीच्या बाबतीत मात्र लोह किती खाल्लं याइतकंच ते कशाबरोबर खाल्लं यालाही महत्त्व आहे. चहातली द्रव्यं जेवणातलं लोह अडवतात, लिंबू-आवळा ते शोषायला मदत करतात. वेळ एकाच पद्धतीपुरता असेल तर या बाईसाठी मी चोवीस तासांची आठवण घेईन आणि शेवटी चहा, अंडं, लिंबू आणि गोळीची वेळ हे चार प्रश्न जोडेन. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्यावं आणि मग सुनेला काटा, टेप दाखवायच्या निमित्ताने आत न्यावं. बाईला घरातल्यांच्या मागून उरलेलं जेवण मिळतं की काय, हे सगळ्यांसमोर कळत नाही. पुढच्या भेटीला उपवासाचा दिवसही विचारावा.

आता वजन. आपल्याकडे आरोग्य सेविकांना शिकवलेला ढोबळ आकडा पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलोंचा, पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला साधारण दोन किलो. तो लक्षात राहतो, कार्डावर तपासता येतो, पण आधीच्या वजनाकडे बघत नाही. दुसरा आकडा अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेला, बीएमआयप्रमाणे बदलणारा. १८.५ च्या खाली असलेल्या बाईला १२.५ ते १८ किलो आणि पहिल्या तिमाहीनंतर आठवड्याला सुमारे अर्धा किलो.

आपल्या बाईला लावून बघा. ११ किलोंच्या हिशेबाने ती ५२ वर थांबली तरी कार्डावर सगळं ठीक दिसेल. दुसऱ्या हिशेबाने किमान ५३.५ हवे. सोळाव्या आठवड्यात ती ४१.५ वर आहे, उरलेले २४ आठवडे, हवेत १२ किलो, म्हणजे आठवड्याला बरोबर अर्धा. गाठण्यासारखं आहे. १८ चा आकडा मात्र या उंचीच्या बाईला आणि या घरात मी तोंडाने सांगणार नाही. कमी वजनाच्या बाईसाठी मी १२.५ ला पक्कं धरते आणि घरी फक्त "महिन्याला दोन किलो" एवढंच सांगते, म्हणजे दोन्ही आकड्यांतला तंटा त्यांच्यापर्यंत जातच नाही.

आधीचं वजन माहीतच नसेल तर बाराव्या आठवड्याच्या आतलं पहिलं वजन धरावं. नोंदणीच उशिरा झाली असेल तर डाव्या दंडाचा घेर मोजावा. तो गरोदरपणात फारसा बदलत नाही, आणि २३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बाईला आधीपासून कमी पोषण मिळालेलं आहे असं धरून चालावं.

एक सावधगिरी. काटा नेहमी खरं बोलत नाही. एका महिन्यात तीन किलोंवर वाढ दिसली तर खूश होऊ नका. पायावर सूज आहे का ते बोट दाबून बघा आणि रक्तदाब घ्या. रक्तक्षय तीव्र असेल तर त्यानेही अंगावर पाणी चढतं आणि ते वजन म्हणून नोंदलं जातं.

सहाशेची तूट तिच्या घरातूनच भरते: एक मूठ शेंगदाणे, दोन अंडी, एक जास्तीची भाकरी, वरणावर चमचाभर तूप किंवा तेल, एक केळं. यातून साधारण २५ ग्रॅम प्रथिनंही येतात. गुरुवारी अंड्यांऐवजी घट्ट वरण आणि दही. आदिवासी भागात असेल तर अंगणवाडीतल्या अमृत आहाराचं ताट या हिशेबात धरावं, पण ती तिथे बसून जेवते की डब्यातून घरी नेते ते विचारावं. घरी नेलेला डबा सगळ्यांत वाटला जातो.

रक्ताचं काम एवढ्याने होत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावं. भाकरी-भाजीतल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो, आणि गरोदरपणात एकूण गरज हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. ८.६ एचबी पालेभाजीने वर येत नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडची ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने. हिने ती घेतली होती, पण सकाळच्या चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीसकट. तीन गोष्टी तीन वेळांना नेल्या: लोह जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम वेगळ्या वेळी दोन तासांचं अंतर ठेवून, चहा दोन जेवणांच्या मध्ये.

महिन्याने एचबी निदान एक ग्रॅमने वर यायला हवं. नाही आलं तर आधी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. गोळ्या खरंच संपल्या असतील आणि तरी आकडा हलला नसेल, तर आहार बदलत बसू नका. बी-१२, थॅलेसेमिया आणि विदर्भ-नंदुरबारकडे सिकलसेल यांची तपासणी, किंवा शिरेतून लोह, हा निर्णय डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात गेला पाहिजे.