पणजीच्या प्रकल्पाला कोणतं प्रारूप घ्यावं?

भूगोलाच्या प्रकल्पासाठी पणजी निवडली की मुलं अडतात ती शहराच्या रचनेचं प्रारूप निवडताना. बर्जेसची समकेंद्री वलयं घ्यायची, हॉइटचे वृत्तखंड घ्यायचे, की हॅरिस आणि उलमन यांचं बहुकेंद्री प्रारूप? माझं सांगणं असं की आधी हद्द ठरवा, मग प्रारूप.

बर्जेसने 1925 मध्ये शिकागोवरून पाच वलयं मांडली. मधोमध बाजार आणि कचेऱ्या, त्यांना खेटून मोडकळीला आलेली संक्रमण पट्टी, मग कामगारांची घरं, आणि बाहेर जावं तसतशी सधन वस्ती. "उत्तरेला मांडवी आहे म्हणून पणजीत वलयं बसत नाहीत" असं उत्तरपत्रिकेत हमखास येतं. ते कारण चुकीचं आहे. शिकागोच्या पूर्वेला मिशिगन सरोवर आहे, तिथली वलयंही अर्धवटच. खरी अडचण आल्तिनोची. चर्च चौकामागची चढण चढलात की थोड्याच वेळात झाडीतले बंगले आणि बिशपचा वाडा लागतो. वलयांच्या हिशेबाने बाजाराच्या इतक्या जवळ पडकी वस्ती हवी होती.

हॉइटने 1939 मध्ये अमेरिकेतल्या शहरांची घरभाडी तपासली. त्याला दिसलं की महाग वस्ती केंद्रातून फाकेसारखी बाहेर सरकते, आणि सरकताना उंच जागा, पुरापासून सुरक्षित किनारा आणि चांगला रस्ता धरते. कांपाल, मिरामार, दोनापावला ही ओळ बघा, अगदी तसंच घडलेलं आहे.

पण नुसतं बघून लिहू नका. चर्च चौकातून एकदा दोनापावलाकडे आणि एकदा सांत इनेजमार्गे ताळगावकडे चालत जा. दर 200 मीटरवर थांबून तळमजल्यावर काय आहे आणि वर काय आहे, ते वहीत टिपा. दोन्ही वाटांवर सारख्याच अंतरावर सारखाच बदल दिसला तर वलय. दिशेगणिक चित्र वेगळं, पण एकाच वाटेवर शेवटपर्यंत तेच चाललं असेल तर वृत्तखंड. दुकानं आणि कचेऱ्या विरळ होत जाऊन पुढे पुन्हा दाटल्या, तर ते दुसरं केंद्र.

हे दुसरं केंद्र म्हणजेच 1945 चं बहुकेंद्री प्रारूप. काही कामांना खास जागा लागते, काहींना मधल्या बाजाराचं भाडं झेपत नाही, काही एकमेकांजवळ नांदू शकत नाहीत. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि मांडवीपलीकडे पर्वरीतलं विधानसभा-सचिवालय ही याची ठळक उदाहरणं. पाटोला मात्र घाईने वेगळं केंद्र म्हणू नका. मधे रुअ द औरेमची खाडी आहे खरी, पण पूल ओलांडला की कचेऱ्यांची रांग पुन्हा सुरू होते. ते जुन्या केंद्राचंच वाढलेलं टोक आहे.

पर्वरी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तेव्हा महापालिकेचा नकाशा वापरणार असाल तर हॉइट घ्या. पर्वरी आणि बांबोळी धरून रोज ये-जा करणारी पणजी अभ्यासणार असाल, तर बहुकेंद्री घ्या, आणि दोनापावलाची फाक त्यातला एक भाग म्हणून दाखवा.