मॉड अ‍ॅप भाच्याच्या फोनमध्ये, पैसे गेले आत्याचे

माझ्या मावशीने आयुष्यात कधी प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप घेतलेलं नाही. ओटीपी कुणाला सांगितला नाही, अनोळखी लिंक उघडली नाही. तरीही मार्चमध्ये तिचे चाळीस हजार रुपये गेले, कारण तिच्या भाच्याच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या, सुहासदादाच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मॉड आवृत्ती होती, म्हणजे मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार करून तिसऱ्याच कुणीतरी बनवलेली. मॉड वापरणाऱ्याचं काय होतं हे बरेच जण लिहितात. त्याच्याशी साधं बोलणाऱ्यांचं काय होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुहासदादाचा कऱ्हाडला केटरिंगचा व्यवसाय आहे. घरचा नंबर वेगळा, ऑर्डरींचा वेगळा, आणि फोन एकच. दोन वर्षांपूर्वी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याला कुणीतरी हे अ‍ॅप टाकून दिलं. दोन नंबर चालतात, निळ्या टिका दिसत नाहीत, समोरच्याने पुसलेला मेसेज वाचता येतो. हे शेवटचं त्याला फार आवडायचं. गिऱ्हाईक रात्री ताटांची संख्या बदलून सकाळी नाकारतं, तेव्हा पुरावा राहतो. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाच्या पाच-सहा आवृत्त्या वेगवेगळ्या साइटवर फिरतात, आणि दादाकडची नेमकी कुणाची होती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मावशीच्या नातवाची मुंज ठरली होती. जेवण दादाकडे, हॉलचं बोलणंही त्यानेच केलेलं. हे सगळं दोघांच्या चॅटवर होतं: तारीख, हॉलचं नाव, अडीचशे पानं, श्रीखंड की आम्रखंड. एका दुपारी त्याच चॅटमध्ये, त्याच नंबरवरून मेसेज आला: "आत्या, हॉलवाले उरलेला अ‍ॅडव्हान्स आजच मागतायत, माझी आजची लिमिट संपलीय. या क्यूआरवर चाळीस टाक, संध्याकाळी देतो." मावशीने विचारलं, "आधी पंचवीस दिले होते ना?" उत्तर आलं, "हो, ते धरून पासष्ट होतात." पंचवीस हजार खरंच दिले होते. मग तिने शंका कशावर घ्यावी? नेहमीच्या फसवणुकीत 'हाय, नंबर बदललाय' असा अर्धवट मेसेज असतो. इथे लिहिणाऱ्याने आधीचं सगळं वाचलेलं होतं. तो तिला 'आत्या' म्हणत होता आणि 'अहो' न म्हणता 'अगं'वर होता.

रात्री दादाला फोन केला तेव्हा बिंग फुटलं. मावशीने लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, cybercrime.gov.in वर अर्ज भरला. तोवर पाच तास उलटले होते. पैसे पहिल्या खात्यातून पुढे गेले होते, तिथे उरलेले साडेसहा हजार तेवढे गोठवले गेले. बाकीच्यांचा पत्ता नाही.

मी पुण्यात मोबाइल अ‍ॅपच्या चाचणीचं काम करते. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन घेऊन बसले. सर्वांना वाटत होतं की त्याने ओटीपी दिला असणार. त्याने दिला नव्हता. 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादी रिकामी होती, म्हणजे कुणी वेब व्हॉट्सअ‍ॅप जोडल्याचंही दिसत नव्हतं. आणि मावशीच्या फोनमधले ते मेसेज दादाच्या फोनमध्ये नव्हतेच. त्या चॅटमध्ये शेवटचं बोलणं आदल्या दिवसाचं, आम्रखंडाचं. अ‍ॅपच दुसऱ्याचं असल्यावर पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही, हेही तोच ठरवणार.

हे कसं शक्य आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज कुलूपबंद जातो हे खरं, पण ते कुलूप दोन फोनच्या मधल्या प्रवासापुरतं असतं. वाचण्यासाठी ते अ‍ॅपलाच उघडावं लागतं आणि त्याच्या किल्ल्या अ‍ॅपच्या खासगी कप्प्यात असतात. अँड्रॉइड तो कप्पा दुसऱ्या अ‍ॅपला उघडू देत नाही. मॉड मात्र दुसरं अ‍ॅप नसतं, तेच व्हॉट्सअ‍ॅप बनून बसलेलं असतं. त्यामुळे काही न फोडता त्याला सगळं मिळतं: मेसेज, संपर्क, फोटो आणि त्या किल्ल्यासुद्धा.

ही कल्पना नव्हे. ऑक्टोबर 2022 मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने योव्हॉट्सअ‍ॅप नावाच्या मॉडची तपासणी जाहीर केली. 2.22.11.75 या आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हणजे अ‍ॅपच्या आत लपून काम करणारा घातक प्रोग्राम होता आणि तो वापरणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या किल्ल्या दूरच्या सर्व्हरवर पाठवत होता. त्या हातात आल्या की अ‍ॅप नसतानाही, ओटीपीशिवाय त्या खात्याच्या नावाने बोलता येतं. त्या मॉडची जाहिरात स्नॅपट्यूब या व्हिडिओ उतरवून घेण्याच्या अ‍ॅपमध्ये दिसायची, म्हणजे लोक कुठल्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलेले नव्हते. आधीच्या वर्षी, ऑगस्ट 2021 मध्ये, एफएमव्हॉट्सअ‍ॅपच्या 16.80.0 आवृत्तीत हाच ट्रायडा सापडला होता. तिथे तो जाहिराती दाखवणाऱ्या तयार कोडच्या आडून आला होता आणि वापरणाऱ्याच्या नकळत पैसे कापणाऱ्या सेवांचं सदस्यत्व घेऊ शकत होता. 2023 मध्ये टेलिग्राम चॅनेलांवरून वाटलेल्या मॉडमध्ये तर हेरगिरीचा भाग निघाला. तो दर पाच मिनिटांनी संपर्कांची माहिती पाठवायचा आणि आज्ञा मिळाली की माइकवरून आवाज टिपायचा.

दादाचा फोन या तिन्हींपैकी कशाने पोखरला होता असा माझा दावा नाही, खुणा मात्र ओळखीच्या होत्या. धोकादायक अ‍ॅप शोधणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद होतं, कारण इन्स्टॉल करतानाच दुकानदाराने ते बंद केलं होतं. चालू असतं तर त्याने कदाचित हरकत घेतली असती. अ‍ॅपला एसएमएस वाचण्याची परवानगी होती. महिनाभरात त्याने मागच्या मागे दोन जीबीहून जास्त डेटा वापरला होता, आणि आपोआप व्हिडिओ उतरणं तर दादाने बंद ठेवलेलं. प्रीपेड सिमवर कसल्यातरी खेळांच्या सेवा सुरू होत्या, त्या त्याने मागितलेल्या नव्हत्या.

तुमच्या घरातल्या फोनमध्ये काय आहे ते बघायचं तर चिन्हावर जाऊ नका, चिन्ह हुबेहूब असतं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि माहितीच्या पानावर अगदी खाली जा. अ‍ॅप कुठून आलं ते बहुतेक फोनवर तिथे लिहिलेलं असतं. गूगल प्ले स्टोअर नसेल तर चौकशी करा. अधिकृत अ‍ॅपचं अंतर्गत नाव com.whatsapp असतं आणि बिझनेसचं com.whatsapp.w4b. com.gbwhatsapp किंवा असंच काही दिसलं तर प्रश्न मिटला. पण काही मॉड com.whatsapp हेच नाव घेऊन येतात. असं मॉड खऱ्या अ‍ॅपवर बसवायला गेलं तर अँड्रॉइड नाकारतं, कारण प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती जुळत नाही. म्हणूनच ही मंडळी 'आधी जुनं व्हॉट्सअ‍ॅप काढा' असं सांगतात. कुणी असं सांगितलं तर तिथेच थांबायला हरकत नाही.

फोन मी तसाच ठेवून आधी मावशीच्या तक्रारीसाठी पडद्याचे फोटो काढत होते, तेवढ्यात मॉड वापरल्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपची बंदी आली. खातं तात्पुरतं बंद, आणि खाली उलटी मोजणी करणारं घड्याळ. ही शिक्षा नंबरला असते, अ‍ॅपला नाही. त्यामुळे घाईने अधिकृत अ‍ॅप टाकूनही घड्याळ संपेपर्यंत आत जाता येत नाही. लोक इथे फसतात: अधिकृत अ‍ॅपही चालत नाही म्हणून वैतागून परत मॉडकडे जातात, मग कायमची बंदी येते आणि 'रिव्ह्यू'साठी अर्ज करत बसावं लागतं. दादाच्या घरच्या नंबरची बंदी उठली. ऑर्डरींचा नंबर गेला तो गेलाच. तोच त्याच्या टेम्पोवर रंगवलेला आहे.

जुने चॅटही परत आले नाहीत. गूगल ड्राइव्हचा बॅकअप मॉडमध्ये नव्हताच, फोनमधल्या फोल्डरची नावं बदलून बघितली, अधिकृत अ‍ॅपने तो बॅकअप घेतला नाही. उधारीचा सगळा हिशेब तिथे होता.

साफसफाई करताना क्रम महत्त्वाचा ठरला. मॉड काढलं, फोटो संगणकावर घेतले आणि फोन पूर्ण रीसेट केला. त्यानंतरच अधिकृत अ‍ॅपवर नव्याने नोंदणी केली. नव्या नोंदणीने नव्या किल्ल्या तयार होतात. 'सुरक्षा कोड बदलला' ही ओळ लोकांना दिसते ती याचीच. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन, आणि तो नवा, कारण जुना मॉडमध्येच टाइप केलेला होता. बँकांचे पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्याच फोनवरून बदलले.

दादाची गंमत अशी की ज्यासाठी त्याने हे घेतलं होतं ते बरंचसं आता रीतसर मिळतं. एका अँड्रॉइड फोनवर दोन खाती 2023 पासून चालतात. निळ्या टिका बंद करता येतात, ऑनलाइन दिसणं लपवता येतं. पुसलेल्या मेसेजचं म्हणाल तर अँड्रॉइडची नोटिफिकेशन हिस्टरी आधीपासून चालू असेल तर गेल्या चोवीस तासांतले काही तिथे सापडतात.

यानंतरचं काम सर्वांत नकोसं होतं. दादाच्या चॅटमध्ये कुणाकुणाचं काय होतं ते आठवून एकेकाला फोन करायचे. मुंजीला गावाहून येणाऱ्यांच्या खोल्यांसाठी त्याने आधार कार्डांचे फोटो मागवले होते. त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलांचे पगार, दोन चेकचे फोटो, वहिनीचे रक्ताचे रिपोर्ट. "पण आमच्याकडे तर खरंच व्हॉट्सअ‍ॅप आहे," असं निम्म्या लोकांनी ऐकवलं. त्यांना सांगावं लागलं की तुम्ही पाठवलेलं समोर कुठे उघडतं, यावर तुमच्या अ‍ॅपचा ताबा नसतो.

आधारचे बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून लॉक करता येतात, ते सर्वांना करायला लावलं. मावशीने स्वतःच केलं. कोयनानगरचे काका मात्र ऐकेनात. रेशनच्या दुकानात अंगठा लागतो, दर वेळी कोण उघडून देणार, असं त्यांचं म्हणणं आहे.