रोख हवीय: क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालायचं, की एफडीवर ओव्हरड्राफ्ट?

घराचं काम निघालंय, गवंडी आणि मजूर रोखीतच पैसे मागतात आणि पगाराला अजून वेळ आहे. हवेत 20,000 रुपये. समोर दोन वाटा आहेत: खिशातलं क्रेडिट कार्ड, किंवा बँकेत पडून असलेल्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट. पहिली वाट पाच मिनिटांची, म्हणून मोहाची.

कार्डाने एटीएममधून पैसे काढले, की खर्चाचे दोन मीटर सुरू होतात. पहिला लगेच पडतो: कॅश ॲडव्हान्स फी. आपल्याकडच्या अनेक कार्डांवर ती रकमेच्या अडीच टक्के असते आणि तिला 300 ते 500 रुपयांची किमान मर्यादा असते. 20,000 वर अडीच टक्के म्हणजे 500, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 590. पैसे दुसऱ्याच दिवशी परत केले तरी हे 590 गेलेच.

दुसरा मीटर व्याजाचा. दुकानात कार्ड स्वाइप केलं, तर मागची बाकी नसल्यास बिलाच्या तारखेप्रमाणे पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. काढलेल्या रोख रकमेला ती मुळीच नाही. व्याज काढल्या दिवसापासून. दर महिना साडेतीन टक्के धरला तर वर्षाला 42 टक्के, म्हणजे 20,000 वर दिवसाला 23 रुपये. आणि या व्याजावरही जीएसटी. इतर कर्जांच्या व्याजाला जीएसटी लागत नाही, क्रेडिट कार्डाच्या व्याजाला मात्र लागतो.

एफडी 7 टक्क्यांची असेल आणि बँक तिच्यावर एक टक्का जास्त लावत असेल, तर ओव्हरड्राफ्टचा दर 8 टक्के. काही बँका दोन टक्के जास्त लावतात, तेवढा फरक धरा. वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच व्याज, आणि एफडी मोडत नाही, ती आपलं व्याज कमावत राहते.

| किती दिवसांनी परत | कार्डाचा एकूण खर्च | ओव्हरड्राफ्टचं व्याज |
|---|---|---|
| 3 | सुमारे 671 | 13 |
| 10 | सुमारे 862 | 44 |
| 29 | सुमारे 1,378 | 127 |

पहिल्याच ओळीकडे बघा. तीन दिवसांसाठीसुद्धा 671, आणि त्यातले 590 फीचेच. त्यामुळे ‘दोनच दिवसांचा प्रश्न आहे’ हा युक्तिवाद कार्डाच्या बाजूने फारसा टिकत नाही. लहान रकमेला तर आणखी वाईट: 2,000 काढले आणि किमान फी 500 असेल, तर जीएसटीसह 590, म्हणजे जवळपास तीस टक्के! काढायचेच असतील तर थोडे थोडे तीनदा काढू नका.

29 दिवस हा आकडा मुद्दाम घेतलाय. पैसे 5 जुलैला काढले, बिल 15 तारखेला आलं, भरण्याची शेवटची तारीख 3 ऑगस्ट. बिल पूर्ण भरलं, तरी 15 ऑगस्टच्या बिलात पाचशेच्या वर रक्कम दिसते. बँकेची चूक म्हणून लोक कस्टमर केअरला फोन लावतात, पण ते 15 जुलै ते 3 ऑगस्टचं व्याज असतं. पहिल्या बिलात फक्त 15 जुलैपर्यंतचंच आलेलं असतं. बिलात ‘फायनान्स चार्जेस’ ही ओळ शोधली की कळतं. म्हणून रोख काढली असेल तर बिलाची वाट न पाहता, हातात पैसे येतील त्या दिवशी ॲपमधून भरून टाका. आणि ‘किमान देय’ भरून मोकळं होऊ नका: तसं केलं तर उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतंच, शिवाय नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते.

एफडी नसेल तर? घरात दागिने असतील तर बँकेचं सोनेतारण बघा. दर साधारण दहाच्या आसपास धरला तरी 29 दिवसांचं व्याज 159 होतं. मूल्यांकनाचे आणि प्रोसेसिंगचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या. ओळखीचा दुकानदार कार्ड स्वाइप करून कमिशन कापून रोख देतो, ही वाट मात्र सोडा. खोटी खरेदी दाखवणं कार्डाच्या अटींविरुद्ध आहे, बँक कार्ड बंद करू शकते.

मुळात सगळी रक्कम रोखच हवी का, हेही तपासा. सिमेंट आणि टाइल्सचं दुकान कार्ड घेतंच. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल, तर दुकानदाराच्या क्यूआरवरही चालतं; मजुराच्या वैयक्तिक खात्यावर चालत नाही. साहित्य कार्डावर घेतलं आणि खात्यातली शिल्लक मजुरीसाठी ठेवली, तर अनेकदा एटीएमची गरजच उरत नाही.

रात्री दोन वाजता रोख लागली आणि दुसरं काहीच हाताशी नसेल, तर काढा; कार्डावर सोय त्यासाठीच आहे. फक्त आपली रोख मर्यादा आधी ॲपमध्ये बघून ठेवा, ती कार्डाच्या एकूण मर्यादेपेक्षा बरीच कमी असते.