हातसुताच्या खादीचा कुर्ता: खळ निघून गेल्यावरचा अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावर मी वर्ध्याहून खादीचं कोरं, म्हणजे न रंगवलेलं, कापड आणलं. अडीच मीटर, छत्तीस इंची पन्ह्याचं. उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि आता थंडी, असा त्याचा गुडघ्याखाली येणारा कुर्ता आठवड्यातून दोन-तीनदा अंगावर असतो. दुकानात हात लावून खादी कळत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तिथे हाताला लागते ती बरीचशी खळ. सूत कसं आहे हे ती धुऊन गेल्यावर कळतं.

कापड विकणाऱ्या काकांनी सांगितलं की ताणा, म्हणजे उभे धागे, अंबर चरख्यावरच्या सुताचा आहे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, पेटी चरख्यावरचा. हा फरक कापडावर सरळ दिसतो. अंबर चरख्यात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, रुळांमधून खेचला जातो, त्यामुळे सूत बऱ्यापैकी एकसारखं निघतं. पेटी चरख्यावर एका हाताने चाक फिरतं आणि दुसरा हात पेळू मागे ओढत नेतो. चाक आणि हात यांचा मेळ प्रत्येक ओढीला थोडा बदलतो. तंतूंचा पुंजका एकदम सुटला की जाड जागा, हात जरा पुढे धावला की बारीक जागा. माझ्या कुर्त्यात उभे धागे शांत आहेत आणि सगळी हालचाल आडव्या धाग्यांत आहे. इंच-दीड इंच लांबीचे जाडसर भाग कुठेही उगवतात आणि विरून जातात.

या जाड-बारीकपणात एक गोष्ट दडलेली आहे, आणि कापड वापरताना पुढे जे काही घडतं त्याचं मूळ तिच्यात आहे. सुताला दिलेला पीळ सगळीकडे सारखा बसत नाही, तो बारीक जागी जास्त गोळा होतो. म्हणून बारीक जागा कडक आणि घट्ट असते. जाड जागा मात्र कमी पिळाची, मऊ आणि फुगीर राहते. बोटांत एक धागा धरून उलगडून पाहिला तर जाड भागातले तंतू एक-दोन फेऱ्यांतच सुटतात, बारीक भाग उलगडायला वेळ लागतो. म्हणजे दिसायला भक्कम असलेली जागाच घासण्याला आधी हार जाते. खांद्यावर पिशवीचा पट्टा येतो तिथे आणि कॉलरच्या घडीवर माझ्या कुर्त्याला सुटलेल्या तंतूंचे बारीक गोंडे आले, तेही नेमके या जाड भागांवरच. बारीक जागा अजून तशाच आहेत.

शिंप्याकडे कापड नेलं तेव्हा त्यांनी घडीसुद्धा मोडली नाही. म्हणाले, "ताई, आधी भिजवून, धुऊन आणा, मगच कात्री लावीन." ते किती बरोबर होतं हे मोजल्यावर कळलं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं, सकाळी पाणी दुधट आणि बुळबुळीत झालेलं होतं. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात, वर विक्रीआधी कापडालाही देतात. ती सगळी या पाण्यात उतरली. अडीच मीटरचं कापड सावलीत वाळल्यावर २ मीटर ३६ सेंटिमीटर भरलं, पन्हा ९१ वरून ८८ सेंटिमीटरवर आला. वजन २९५ ग्रॅम होतं ते २८० झालं. मापाला शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात उंचीला पाच-सहा सेंटिमीटरने आखडला असता.

त्या २८० ग्रॅमवरून आणखी एक हिशेब निघाला. खादीत हजार मीटर सुताची एक गुंडी धरतात आणि एका किलोत जितक्या गुंड्या बसतात तितका सुताचा नंबर. माझं कापड ३३ नंबरचं आहे, म्हणजे एका ग्रॅममध्ये तेहेतीस मीटर सूत. २८० ग्रॅमचे झाले ९,२४० मीटर. सव्वानऊ किलोमीटर धागा, त्यातला आडवा सगळा कुणाच्या तरी हाताने ओढलेला.

हा आकडा डोक्यात असताना बेळगाव आठवलं. डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसचं सभासदत्व पैशांऐवजी सुतावर ठरलं: दरमहा दोन हजार वार, स्वतः कातलेलं किंवा दुसऱ्याकडून मिळवलेलं. दोन हजार वार म्हणजे सुमारे १,८२९ मीटर. माझा कुर्ता त्या मापाने एका सभासदाची पाच महिन्यांची वर्गणी भरतो. पुढच्याच वर्षी ती अट सैल झाली, १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ निघाला आणि सूतकताईचं काम तिकडे गेलं. पण कल्पना करा, वकील, मास्तर, विद्यार्थी, ज्यांनी आयुष्यात कधी पेळू हातात धरला नव्हता त्यांचं हे सूत. कुणाचं कमी पिळाचं, कुणाचं दर हातभर अंतरावर तुटून जोडलेलं. त्या काळच्या खादीचा खरबरीतपणा केवळ गरिबीची खूण नव्हता. नवशिक्या हातांनी कातलेलं सूत मुद्दाम अंगावर घेतलेलं होतं, आणि समोरच्याला ते दहा पावलांवरून ओळखू यायचं. खादीचं प्रतीक म्हणून जे बळ होतं ते मला या दिसण्यात वाटतं. गिरणीच्या गुळगुळीत कापडाशेजारी ती लपूच शकत नव्हती.

आज आपल्याकडे सार्वजनिक जीवनात खादी दिसते ती पांढरीशुभ्र, कडक खळ दिलेली, इस्त्रीची धार असलेली. मला ती मनापासून खटकते. खळ तंतूंना एकमेकांशी चिकटवते, फुगीर जागा दाबून सपाट करते आणि कापडाचा झोक, म्हणजे अंगावर पडण्याची ढब, मारून टाकते. मग सूत हाताचं आहे की यंत्राचं, हे पाहणाऱ्याला कळायचं साधनच उरत नाही. याउलट गावाकडच्या आजोबांची रोज धुतलेली, मऊ पडलेली गांधी टोपी पाहा, तिच्यात अजून धागा दिसतो.

आता झोक. नवं असताना कापड अंगापासून फटकून उभं राहत होतं, बाह्या खांद्यावर फुग्यासारख्या दिसत. पहिल्या पाच-सहा धुण्यांत बदल झपाट्याने झाला, नंतर सावकाश. खळ गेली, विणताना ताणलेले धागे आखडून आपापल्या जागी बसले, कमी पिळाचा बाणा वाकायला मोकळा झाला. ताणा अजून ताठ आहे, बाणा नरम आहे, त्यामुळे कुर्ता पडतो तो रुंद, गोल घड्यांत. मलमलीसारखा अंगाला लपेटत नाही आणि पॉपलीनसारखा कोनही धरत नाही. खालचा घेर मात्र वजनामुळे छान सरळ लोंबतो. चुरगळतो, हे खरं आहे. बसून उठलं की मांडीवर आडव्या वळ्या पडतात. पण त्या वळ्यांना धार नसते, आणि पोत आधीच वरखाली असल्याने त्या डोळ्यांना टोचत नाहीत. मी इस्त्री सोडून दिली आहे. ओला असताना दोन झटके देऊन सावलीत टांगते, एवढं पुरतं.

घामाच्या दिवसांत हे कापड मला सगळ्यात आवडलं. सुतावर बारीक लव असते, त्यामुळे कापड त्वचेला सपाट चिकटून बसत नाही आणि मधून हवा खेळते. पावसाळ्यात मात्र तीच लव आणि जाडी आड येते. कुर्ता वाळायला दीड दिवस घेतो, आणि खळ राहिलेली असेल तर बुरशीचे काळे ठिपके लवकर पडतात. कपाटात कसरीलाही खळ आवडते. त्यामुळे जूनपासून खळीचं कापड घरात ठेवूच नये.

दोष कोणता आणि स्वभाव कोणता, हे खरेदी करतानाच पाहता येतं. कापड उजेडासमोर धरावं. जाड-बारीक धागे दिसतील, ते असू देत. पण एखाद्या रेषेत धागाच नसेल, फट आरपार दिसत असेल, तर बाणा तुटून राहिलेला आहे. ती जागा पुढे फाटते. आडवा, फिकट किंवा गडद पट्टा अचानक सुरू होऊन एका रेषेत संपत असेल तर तिथे बाण्याच्या सुताची कांडी बदलताना दुसऱ्या हातचं सूत आलं आहे. कोऱ्या कापडात हे चालतं, रंगवायचं असेल तर टाळावं, कारण कमी-जास्त पिळाचं सूत रंग कमी-जास्त पितं. माझ्या मैत्रिणीच्या निळ्या कुर्त्यात असा एक पट्टा बरोबर छातीवर आला आहे.

आणि नक्कल. यंत्रावर मुद्दाम जाड-बारीक काढलेलं सूत बाजारात भरपूर आहे. त्याच्या गाठी बहुतेक एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या, आणि दोन टोकांना सारख्याच निमुळत्या असतात. हातभर कापड तिरकं धरून पाहिलं तर बऱ्याचदा त्यांची नक्षी जमून येते, कर्णरेषेत ठिपक्यांचे पट्टे दिसतात. हातसुतात अशी नक्षी बनत नाही. अंबर चरख्याचं चांगलं सूत मात्र इतकं समान असतं की नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे २०१३ च्या नियमांनी आलेली खादी मार्कची खूण पाहणं हाच सोपा मार्ग. कायद्यात खादीची व्याख्या हातसूत आणि हातमाग दोन्हींची आहे. नुसतं हातमागाचं कापड, सूत गिरणीचं असेल तर, सुंदर असूनही खादी ठरत नाही.

शिलाईबद्दल थोडं. काखेत पहिल्या दोन महिन्यांत शिवण सरकायला लागली, म्हणजे टाका शाबूत पण त्याच्या शेजारचे धागे विरळ. वीण मोकळी असल्याने असं होतं. शिंपीकाकांनी ती उसवून, कड आत दुमडून दुहेरी शिवण घातली, त्यानंतर त्रास नाही. हातसुताला शिवणीत कापड जास्त सोडायला सांगावं आणि कुर्ता अंगासरशी अजिबात शिवू नये. काजांना हाताचा टाका घालून घ्यावा, मशीनचा टाका जाड जागेवर आला की तंतू बाहेर येतात.

कॉलरचे गोंडे मी बारीक कात्रीने कापते, ओढून काढत नाही, ओढलं की मऊ जागा आणखी बारीक होते. कॉलर वर्षभरात उलटवून घ्यावी लागेल असं दिसतंय. पुढचं कापड ओढणीसाठी घेणार आहे, बाणा पेटी चरख्याचाच, पण नंबर साठच्या पुढचा. गळ्याभोवती ३३ नंबर उन्हाळ्यात जड होईल.