दोन खोकी की संगणकाची सूचना?

औषधाच्या दुकानात मधुमेहाच्या एका गोळीच्या रोज 12 स्ट्रिप जातात आणि मागणी नोंदवल्यावर माल यायला 3 दिवस लागतात, असं धरू. त्या 3 दिवसांच्या 36 स्ट्रिप आणि गाडी उशिरा आली तर 2 दिवसांच्या 24, म्हणजे 60 उरल्या की मागणी गेलीच पाहिजे.

दोन खोक्यांच्या पद्धतीत मागच्या खोक्यात 60 स्ट्रिप आणि एक कार्ड ठेवतात. पुढचं खोकं रिकामं झालं की कार्ड मागणीच्या ट्रेमध्ये जातं. इथे प्रत्यक्ष मालच बोलतो, म्हणून सूचना सहसा चुकत नाही. नवा माल मात्र मागे गेला पाहिजे, नाहीतर तळातल्या स्ट्रिपची मुदत संपते.

बिलिंग सॉफ्टवेअर 60 ला मोबाईलवर संदेश पाठवतं, पण ते फक्त नोंदी वाचतं. मुदत संपलेल्या 10 आणि बिलाविना गेलेल्या 14 स्ट्रिप नोंदीत तशाच असतील, तर संदेश येतो तेव्हा विकण्याजोग्या 36च असतात. राखीव साठा तिथेच संपला! शिवाय मागवलेला माल हिशोबात धरला नाही, तर रोज तोच संदेश येतो आणि एखाद्या दिवशी दुप्पट मागणी जाते.

पावसाळ्यात ओआरएसचा खप वाढला की सॉफ्टवेअरमध्ये आकडा लगेच बदलता येतो. कार्डावरचा आकडा तसाच राहतो. माझ्या मते रोजच्या, ठरावीक खपाच्या औषधांना खोकी बरी. हंगामी आणि शेकडो प्रकारांच्या मालाला सॉफ्टवेअर, पण दर आठवड्याला थोड्या कप्प्यांतला माल हाताने मोजूनच.